अख्खी कोंबडी घरी कशी कापायची, आणि कुठला तुकडा कशात घालायचा?

रविवारी सकाळी चिकनच्या दुकानात आपण फक्त तीन गोष्टी सांगतो. किती किलो, स्किनलेस की स्किनसकट, आणि "करी कट करा". पुढच्या दोन मिनिटांत सत्तूर दहा-पंधरा वेळा खाली येतो आणि पिशवी आपल्या हातात पडते. दुकानासमोर रांग असते, त्यामुळे कापणारा सांधा शोधत बसत नाही. सत्तूर जिथे पडेल तिथे हाड तुटतं.

त्याचा परिणाम जेवताना कळतो. रश्शात हाडाची बारीक किरच लागते आणि लहान मुलांच्या ताटातला प्रत्येक घास आधी तपासावा लागतो. दुसरा परिणाम लगेच लक्षात येत नाही. त्याच पातेल्यातला एखादा तुकडा दोऱ्यासारखा कोरडा झालेला असतो आणि दुसरा अजून हाडाला चिकटलेला असतो. आपण म्हणतो, आज चिकनच चांगलं नव्हतं. खरं तर चिकन ठीक असतं, फक्त ते चुकीच्या जागी कापलेलं असतं आणि सगळे तुकडे एकाच वेळी पातेल्यात पडलेले असतात.

हे टाळायला अख्खी कोंबडी आणून घरी कापता येते. त्यासाठी सत्तूर लागत नाही आणि ताकदही फारशी लागत नाही. सुरी हाडावर चालवायची नाही, सांध्यातून फिरवायची, एवढं एकच तत्त्व धरलं तर पहिल्या वेळी पंधरा-वीस मिनिटांत काम होतं.

सांधा आणि हाड यातला फरक

दोन हाडं जिथे एकमेकांना मिळतात तिथे मध्ये कुर्चा असते, म्हणजे आपण चघळतो ते पांढरं मऊ हाड. बाजूने चिवट पट्ट्यांनी ती जागा बांधलेली असते. घरातली धारदार सुरी या दोन्ही गोष्टी सहज कापते. हाड मात्र ती कापू शकत नाही, फक्त फोडू शकते, आणि फुटलं की किरची होतात.

नीट कापलं की नाही, हे बघूनच कळतं. तुकड्याचं टोक पांढरं, गुळगुळीत आणि गोलसर दिसलं, तर सुरी सांध्यातून गेली आहे. टोक लाल, खडबडीत आणि टोकदार असेल, तर हाड तुटलं आहे. तो तुकडा बोटाने चाचपून सुट्या किरची काढून टाकायच्या.

आणताना काय सांगायचं

दुकानदाराला सांगा, "अख्खी ठेवा, फक्त साफ करून द्या. मान, कलेजी आणि पोटा पण द्या." रोजच्या जेवणासाठी साफ केल्यावर सव्वा किलोच्या आसपास भरेल अशी ब्रॉयलर सोयीची. खूप मोठी घेतली तर छातीचे तुकडे जाड होतात आणि मसाला आतपर्यंत जात नाही. शिकण्यासाठी स्किनलेस बरी, कारण कातडं नसल्यामुळे सांधे डोळ्यांना दिसतात.

घरी आणल्यावर नळाच्या धारेखाली धुऊ नका. कच्च्या कोंबडीवर आजारी पाडणारे जंतू असू शकतात आणि धारेबरोबर त्यांचे शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात. हे जंतू शिजवल्याने मरतात, धुतल्याने जात नाहीत. धुतल्याशिवाय चैन पडत नसेल, तर खोलगट भांड्यात पाणी घेऊन त्यात हलक्या हाताने बुचकळून काढा आणि नंतर बेसिन साबणाने घासा. काहीही केलं तरी कापण्याआधी कोंबडी कागदाने किंवा वेगळ्या फडक्याने कोरडी करा. ओली कोंबडी निसटली तर सुरी हाताला लागू शकते.

सुरी मध्यम आकाराची पण धारदार हवी. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते. चॉपिंग बोर्डखाली ओलं फडकं घाला म्हणजे तो सरकणार नाही. जाड कात्री असेल तर ती हाताशी ठेवा, बरगड्यांच्या वेळी कामाला येते.

कापायचा क्रम

१. पाय. कोंबडी पाठीवर झोपवा, छाती वर. एक पाय बाहेरच्या बाजूला ओढा. मांडी आणि छाती यांच्यामध्ये पातळ पडदा ताणलेला दिसेल, तेवढाच कापा. आता सुरी बाजूला ठेवा. पाय दोन्ही हातांनी धरून खाली बोर्डाच्या दिशेने उलटा वाकवा. कट्ट असा आवाज होतो आणि मांडीच्या हाडाचा गोल गोळा खोबणीतून बाहेर येतो. त्या गोळ्याच्या आणि खोबणीच्या मधून सुरी फिरवली की पाय सुटतो. फिरवताना सुरी पाठीच्या हाडाला चिकटून ठेवा. तिथल्या खड्ड्यात मांसाचा एक छोटा गोल तुकडा असतो, अख्ख्या कोंबडीतला सगळ्यात मऊ. तो पाठीवर राहू न देता मांडीबरोबर घ्या.

२. मांडी आणि तंगडी. सुटलेला पाय आतली बाजू वर करून ठेवा. मांडी आणि तंगडी जिथे मिळतात तिथे चरबीची बारीक पांढरी रेघ दिसते. सांधा तिच्याच खाली असतो. रेघेवर सुरी ठेवून दाबा. मऊपणे खाली गेली तर जागा बरोबर आहे. कडक लागलं तर जोर लावू नका, सुरी किंचित इकडेतिकडे सरकवा. सांधा सापडला की ती आपोआप खाली जाते.

३. पंख. पंख ओढून धरा आणि खांद्याजवळ अंगठ्याने चाचपा. पंख हलवल्यावर जिथे खळगा जाणवतो तिथे कापा. पंखाचं शेवटचं टोक नुसतं कातडं आणि हाड असतं. ते वेगळं काढून सूपसाठी ठेवा.

४. पाठ आणि छाती. आता उरतो तो मधला सांगाडा. तो उभा धरा, मानेची बाजू खाली. दोन्ही बाजूंना बरगड्या दिसतात आणि त्यांच्या मध्यावर पातळ भाग लागतो. तिथून वरून खाली सुरी किंवा कात्री चालवा. बरगड्या बारीक असतात, सहज कापल्या जातात. दोन्ही बाजू कापल्या की पाठ पुस्तकाच्या पानासारखी उघडते आणि खांद्याच्या सांध्यापाशी वेगळी होते.

५. छातीचे दोन भाग. छाती उलटी ठेवा, हाडाची बाजू वर. मधोमध लांबट हाड असतं. ब्रॉयलर कमी वयाची असल्यामुळे त्याचं खालचं टोक बरंचसं कुर्चाच असतं. मधल्या रेषेवर सुरीने खाच पाडा, दोन्ही हातांनी छाती मागे वाकवून उघडा, मग सुरीच्या मुठीकडच्या भागाने दाबून दोन भाग करा. इथे थोडा जोर लागतो. पण सुरी आपटायची नाही, वरून तळहाताने दाबायची. प्रत्येक अर्ध्याचे आडवे तीन तुकडे करा. तीनही तुकडे साधारण सारख्या वजनाचे हवेत, म्हणजे जाड बाजूचा तुकडा आखूड आणि निमुळत्या बाजूचा लांब.

६. पाठ साफ करणं. हा टप्पा दुकानात हमखास राहून जातो. पाठीच्या आतल्या बाजूला बरगड्यांमध्ये लाल, स्पंजसारखं काहीतरी चिकटलेलं असतं. ती फुप्फुसं. बोटाने खरवडून काढा, नाहीतर रश्शावर करडा फेस येतो. शेपटीच्या टोकावर वरच्या बाजूला पिवळसर गाठ असते. ती तेलाची ग्रंथी, पक्षी तिच्यातलं तेल पिसांना लावतो. तिला उग्र वास असतो. शेपटीचं टोकच कापून टाका. चिकनला 'वास येतो' अशी तक्रार असेल, तर आधी या दोन जागा तपासा. मग पाठीचे मणक्यांच्या मधून तीन तुकडे करा.

आता मोजा. दोन तंगड्या, दोन मांड्या, दोन पंख, छातीचे सहा, पाठीचे तीन आणि मान एक, असे झाले सोळा. करीसाठी मांड्या मोठ्या वाटल्या तर हाडाला समांतर सुरी चालवून प्रत्येकीचे दोन करा. एक तुकडा हाडासकट, एक हाडाशिवाय. म्हणजे अठरा तुकडे आणि त्यात एकही लांब हाड तुटलेलं नाही. तंगडी मात्र अखंडच ठेवा. दुकानात तिचे दोन तुकडे करतात आणि रश्शातल्या किरची जास्त करून तिथल्याच असतात.

प्रत्येक भाग वेगळा का शिजतो?

कोंबडी दिवसभर चालते, उभी राहते. उडते क्वचित आणि क्षणभर. त्यामुळे पायांचे स्नायू सतत काम करणारे असतात. त्यांना ऑक्सिजन साठवून ठेवणारं लालसर रंगद्रव्य जास्त लागतं, म्हणून मांडीचं मांस गडद दिसतं. त्यात चरबीही जास्त असते आणि स्नायूंना बांधणारा चिवट भागही. हा चिवट भाग मंद आचेवर हळूहळू विरघळतो आणि त्याचाच रश्शाला दाटपणा येतो. मांडी, तंगडी, पाठ आणि मान यांना वेळ दिला की ते मऊ होतात, ते असे.

छातीचं उलट आहे. तिच्यात चरबी कमी आणि चिवट भागही कमी. म्हणजे विरघळायला फारसं काही नाही, फक्त पाणी धरून ठेवलेलं मांस. जास्त वेळ उकळलं की ते पाणी पिळून निघतं आणि उरतात कोरडे धागे. आजूबाजूला कितीही रस्सा असला तरी तुकडा आतून कोरडाच लागतो. शिजताना पिळून निघालेलं पाणी तो परत आत ओढून घेत नाही.

म्हणून छातीला कमी वेळ आणि पायांना जास्त वेळ. कुठला भाग कशात घालायचा, याची बहुतेक उत्तरं या एका ओळीतून निघतात.

कुठला तुकडा कशात?

रस्सा, मग तो कोल्हापुरी तांबडा असो की वड्यांबरोबरचा मालवणी. इथे मुख्य पाठ, मान, मांडी आणि तंगडी. पाठीवर मांस कमी असतं म्हणून पुष्कळ जण ती नको म्हणतात. पण रश्शाची चव सगळ्यात जास्त तिच्यातूनच उतरते. पाठ न घालता नुसत्या छातीच्या तुकड्यांचा रस्सा केला, तर तो मसाल्याच्या पाण्यासारखा लागतो.

सुकं. पाणी आटवून मसाला तुकड्याला धरवायचा असतो, म्हणून बराच वेळ परतणं आलं. ते मांडीचे तुकडे आणि पंख सोसतात. छाती घालायचीच असेल तर मसाला जवळजवळ आटल्यावर.

बिर्याणी. तुकडे मोठे हवेत, कारण दम दिल्यावर ते भाताखाली बराच वेळ राहतात. अख्खी मांडी आणि अख्खी तंगडी उत्तम. छाती घ्यायची तर हाडासकट, अर्ध्याचे तीनऐवजी दोनच तुकडे करून.

तंदुरी, ग्रिल किंवा गोव्याचं काफ्रेआल. मांडी आणि तंगडी वेगळी न करता पायच अख्खा ठेवा. त्याला हाडापर्यंत दोन-तीन खोल चिरे द्या म्हणजे मसालाही आत जातो आणि उष्णताही.

चिली चिकन, टिक्का, कटलेट. हे छातीचं काम. हाडावरून मांस सोडवून घ्या आणि धाग्यांच्या आडवं कापा. धागे आखूड झाले की घास मऊ लागतो. मोठ्या आचेवर पटकन शिजवा आणि उतरवा.

सूप. मान, पाठ, पंखांची टोकं आणि छातीवरून सोडवलेली हाडं. पाणी खळाखळा न उकळता मंद ठेवलं तर सूप नितळ राहतं. तास-दीड तास पुरतो. हेच पाणी दुसऱ्या दिवशी रश्शाला वापरता येतं.

कलेजी आणि पोटा. दोन्ही एकाच पिशवीत येतात, पण स्वभाव अगदी वेगळे. कलेजी पाच-सात मिनिटांत होते आणि पुढे रवाळ, कोरडी पडते. पोटा चिवट स्नायू आहे, त्याला कुकर लागतो. आधी पोटा शिजवून घ्या, परतताना शेवटी कलेजी घाला.

एका कोंबडीचा हिशेब

चार माणसांचं घर आहे आणि साफ केलेली कोंबडी बाराशे ग्रॅमची आहे, असं धरू. कापल्यावर दोन्ही पाय मिळून साधारण चारशे ग्रॅम भरतात. हाडासकट छाती साधारण तितकीच किंवा थोडी जास्त. पंख शंभर-सव्वाशे, आणि पाठ व मान मिळून अडीचशेच्या आसपास. कोंबडीगणिक हे थोडं मागेपुढे होतं.

सगळ्याचा एकच रस्सा करायचा असेल, तर तुकडे दोन भांड्यांत ठेवा. एकात मांड्या, तंगड्या, पंख, पाठ आणि मान. दुसऱ्यात छातीचे सहा तुकडे. दोन्हींना हळद, मीठ आणि आलं-लसूण लावा. कांदा-खोबऱ्याचं वाटण परतून तेल सुटलं की पहिलं भांडं घाला, पाच मिनिटं परता, गरम पाणी घाला आणि झाकून मंद आचेवर पंधरा मिनिटं ठेवा. मग छातीचे तुकडे घाला आणि आणखी दहा-बारा मिनिटं शिजवा. पायांना अर्धा तास मिळाला, छातीला त्याच्या निम्म्याहून कमी, आणि दोन्ही एकाच वेळी तयार झाले.

किंवा कोंबडी दोन दिवसांत वाटा. आज पाय, पाठ, मान आणि पंख यांचा रस्सा. छाती फ्रीजमध्ये झाकून ठेवली तर उद्या तिचं चिली चिकन होतं. कच्चं चिकन फ्रीजमध्ये एक-दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये. जास्त ठेवायचं असेल तर पहिल्याच दिवशी, एकावेळी लागेल तेवढ्याच पिशव्या करून फ्रीझरमध्ये टाका. वापरायच्या आदल्या रात्री पिशवी खाली फ्रीजमध्ये काढून ठेवा. ओट्यावर विरघळू देऊ नका.

शिजलं की नाही, हे कसं ओळखायचं?

तंगडीच्या टोकाकडचं मांस वर सरकून हाड उघडं दिसायला लागलं, की ती होत आली. मांडीत सुरीचं टोक हाडापर्यंत घाला. मांस सहज सुटायला हवं आणि बाहेर येणारा रस गुलाबी नको. छातीचा तुकडा बोटाने दाबला तर घट्ट लागावा आणि मोडल्यावर आत कुठेही अर्धपारदर्शक दिसू नये. स्वयंपाकाचं थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड जागी, हाडाला न टेकवता, ७४ अंश सेल्सिअस दिसायला हवं.

एका गोष्टीने मात्र फसू नका. मांस पूर्ण शिजलेलं असतानाही हाडाजवळ काळपट-लाल डाग दिसतो. ब्रॉयलर कमी वयाची असते, तिची हाडं सच्छिद्र असतात आणि शिजताना आतल्या मगजाचा रंग बाहेर झिरपतो. फ्रीझरमध्ये ठेवलेल्या चिकनमध्ये हे जास्त दिसतं. मांस सुटत असेल आणि रस स्वच्छ असेल, तर तो डाग कच्चेपणाचा नाही.

गावठी कोंबडी असेल तर?

वरची पद्धत ब्रॉयलरची आहे. गावठी कोंबडी वयाने मोठी आणि फिरलेली असते. तिचे सांधे त्याच जागी असतात, पण बांधणाऱ्या पट्ट्या चिवट असतात आणि छातीचं मधलं हाड खरोखरच हाड झालेलं असतं. पाय, पंख आणि पाठ घरी सुटतात. छातीचे दोन भाग मात्र दुकानातूनच करून आणा. घरच्या सुरीने ते करायला गेलं की सुरी घसरते.

शिजवण्याचा हिशेबही बदलतो. तिची छातीसुद्धा चिवट असते, त्यामुळे दोन भांड्यांची गरज नाही. सगळे तुकडे एकत्र घाला आणि पातेल्यात तासभर किंवा त्याहून जास्त वेळ द्या, नाहीतर कुकर लावा. म्हणूनच तिचा उपयोग रश्शातच खुलतो. तंदुरी किंवा चिली चिकन करायला गेलं तर ती चावत नाही.

आणि शेवटी ओटा. बोर्ड, सुरी आणि हात गरम पाण्याने व साबणाने धुतल्याशिवाय त्या बोर्डावर कोथिंबीर किंवा कांदा चिरू नका. कोंबडीवरचे जंतू रश्शात मरतात, पण बाजूला ठेवलेल्या कच्च्या कांद्यावर ते तसेच राहतात.